परवानगी कुठल्या नियमात आहे?

भाड्याच्या घराचा नकार सहसा कागदावर येत नाही. तो एजंटच्या फोनवरून येतो आणि बहुतेक वेळा एकाच वाक्यात संपतो: ‘मालकांची काही हरकत नाही हो, पण सोसायटी ॲलाव करत नाही.’ नकार कोणी दिला, का दिला, कुठल्या बैठकीत ठरलं, याचा मागमूस राहत नाही. मालक म्हणतो कमिटीने अडवलं, सेक्रेटरी म्हणतात चेअरमनना विचारा, चेअरमन म्हणतात रहिवाशांचीच इच्छा आहे. नाव ऐकून आडनाव विचारलं जातं, आडनावावरून जात किंवा धर्म ओळखला जातो आणि माणूस पुढच्या इमारतीकडे वळतो. अपमान त्याचा होतो, आणि पुरावा कोणाकडेच नसतो.

अशा वेळी भाडेकरूने कमिटीला पत्र लिहावं, असं माझं ठाम मत आहे. मात्र ते पत्र कसं लिहिलं जातं यावर बरंच अवलंबून असतं. अशी पत्रं बहुधा दोन प्रकारची असतात. काही विनवणीची असतात: आम्ही शांत आहोत, सुशिक्षित आहोत, घरात मांस शिजवणार नाही, कृपया विचार व्हावा. काही संतापाची असतात. त्यांत संविधानाचे दाखले असतात, कोर्टात खेचण्याची भाषा असते. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट न बोलता मान्य झालेली असते, ती म्हणजे भाडेकरू ठेवू द्यायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार कमिटीकडे आहे. मुळात तो अधिकार कमिटीला कोणी दिला, हेच विचारायला हवं.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, ठाण्यातल्या एका नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थेत पाचव्या मजल्यावरची दोन बेडरूमची सदनिका भाड्याने द्यायची आहे. मालक नोकरीसाठी बंगळुरूला गेला आहे. भाडेकरू बँकेत अधिकारी, पत्नी शाळेत शिक्षिका, सात वर्षांची मुलगी. कुटुंब मूळचं परभणी जिल्ह्यातलं, मुसलमान. भाडं महिना ३२,००० रुपये, अनामत एक लाख, मुदत अकरा महिने. घर पाहिलं, मालकाशी फोनवर बोलणं झालं, टोकन म्हणून १०,००० रुपये दिले. एजंट म्हणाला, आता फक्त सोसायटीची एनओसी घेतो. दोन दिवसांनी त्याने तोच फोन केला.

या साखळीत चूक कुठे झाली? एनओसीपाशी. महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी शासनाने आदर्श उपविधी, म्हणजे आपण ज्यांना बायलॉज म्हणतो ते, तयार केले आहेत. सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीनंतर सहकार कायदा बदलला आणि त्याला धरून २०१४ चे आदर्श उपविधी आले. त्यातला ४३ क्रमांकाचा उपविधी सदनिका भाड्याने देण्याबद्दल आहे. त्यानुसार सभासदाने संस्थेला कळवायचं असतं. आठ दिवस आधी तशी सूचना द्यायची आणि तिच्यासोबत लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत व जवळच्या पोलीस ठाण्याला दिलेल्या माहितीची प्रत जोडायची. जुन्या उपविधींमध्ये परवानगी घेण्याची तरतूद होती, नव्यांनी ती कळवण्यावर आणली. कळवणं आणि परवानगी मागणं यांतल्या अंतरावरच आपल्या सगळ्या पत्राचा भार आहे.

क्रमाकडेही लक्ष द्या. उपविधी कराराची प्रत मागतो, म्हणजे करार आधी झालेला असणं त्यात गृहीतच आहे. प्रत्यक्षात मात्र आपण उलटं करतो. आधी एजंट सेक्रेटरींना भेटतो, भाडेकरूला ‘मुलाखतीला’ बोलावलं जातं, मग होकार आला तर करार होतो. ही मुलाखत कुठल्याही आदर्श उपविधीत नाही. तिच्यामुळे होतं असं की कराराच्या आधी भाडेकरूच्या हातात काहीच नसतं आणि नकार देणाऱ्याला तो द्यायला काहीच अडचण पडत नाही. करार आधी नोंदवला असता तर चित्र निराळं दिसलं असतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. आता ही नोंदणी घरबसल्या, अंगठ्याचा ठसा देऊन, एका दिवसात होते. नोंदवलेला करार हातात असलेला माणूस कमिटीसमोर उमेदवार म्हणून उभा नसतो. कायद्याने त्या घरात राहण्याची मुभा मिळालेला तो माणूस असतो.

इथे एक फरक नीट समजून घ्यावा लागेल, नाहीतर पत्राचा रोख चुकतो. घरमालकाने स्वतःच ‘मला अमुक समाजाचा भाडेकरू नको’ असं ठरवलं, तर त्याला थेट अडवणारा सर्वसाधारण कायदा आज आपल्या देशात नाही. घरभाड्यातल्या भेदभावावर बंदी घालू पाहणारं एक खासगी विधेयक शशी थरूर यांनी लोकसभेत मांडलं होतं, ते मंजूर झालं नाही. ही मोठी उणीव आहे आणि ती भरून निघायला हवी. पण आपल्या उदाहरणात मालक तयार आहे. अडवणारी कमिटी आहे. कमिटी ही कोणाची खासगी मालमत्ता नाही. ती सहकार कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेची कार्यकारी समिती आहे आणि कायदा व उपविधी देतात तेवढेच तिचे अधिकार. सभासद आपलं घर कोणाला भाड्याने देतो यात धर्म पाहून नकार देण्याचा अधिकार त्या यादीत नाही.

‘पण आमच्या सर्वसाधारण सभेत ठराव झालाय,’ हे उत्तर हमखास येतं. सर्वसाधारण सभा संस्थेत सर्वोच्च असते हे खरं, पण तीही कायदा आणि उपविधी यांच्या चौकटीतच. उपविधी बदलायचे असतील तर सभेत आवश्यक बहुमताने दुरुस्ती मंजूर करून ती निबंधकाकडे नोंदवावी लागते. नोंद झाल्याखेरीज ती अमलात येत नाही. भिंतीवर लावलेली नोटीस, व्हॉट्सॲप ग्रुपवर झालेली सहमती किंवा सभेत हात वर करून मंजूर केलेला ‘बॅचलर आणि अमुक लोक नकोत’ हा ठराव, यांतल्या कशालाही नोंदलेल्या उपविधीची जागा घेता येत नाही.

आता संविधानाबद्दल. संतापाच्या पत्रांत पहिलं वाक्य बहुधा अनुच्छेद १५ चं असतं. भावना योग्य आहे, पण पत्राची सुरुवात तिथून करू नये असं मी म्हणेन, आणि त्याला कारण आहे. अहमदाबादमध्ये १९२६ साली नोंदलेली झोरोॲस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. तिच्या उपविधीत सभासदत्व फक्त पारशांना आहे. एका सभासदाला आपली जागा पाडून तिथे इमारत बांधायची आणि ती बाहेरच्यांनाही विकायची होती. संस्थेने हरकत घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १५ एप्रिल २००५ रोजी न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. नागरिकांना संघटना करण्याचं स्वातंत्र्य आहे, संस्थेने असा उपविधी स्वेच्छेने केलेला आहे आणि तो कायद्यानुसार नोंदलेला आहे. मूलभूत हक्क हे मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध असतात आणि गृहनिर्माण संस्था म्हणजे राज्यसंस्था नव्हे. न्यायालयाच्या भूमिकेचा गाभा हा असा. मला हा निकाल पटत नाही. शहरात माणसांनी एकमेकांच्या शेजारी राहायला शिकण्याच्या वाटेत त्याने भिंत घातली, असं मला वाटतं. पण तो आहे, आणि कमिटीचा वकील तो पहिल्याच उत्तरात पुढे करेल.

मात्र या निकालातच आपल्या भाडेकरूच्या उपयोगाची गोष्टही आहे. तिथे संस्थेच्या बाजूने काय होतं? नोंदलेला उपविधी. ठाण्याच्या आपल्या संस्थेकडे असा उपविधी आहे का? महाराष्ट्रातल्या बहुतेक संस्थांनी आदर्श उपविधी जसेच्या तसे स्वीकारलेले असतात आणि त्यांत कुठल्याही एका समाजासाठी राखलेलं सभासदत्व नसतं. शिवाय तो वाद सभासदत्वाचा आणि विक्रीचा होता, भाड्याचा नव्हे. म्हणून पत्राने आधी उपविधी विचारावा. अनुच्छेद १५ चा उल्लेख शेवटी, एका वाक्यात, नैतिक आधार म्हणून यावा. तो तिथे असलाच पाहिजे, पण सगळं पत्र त्यावर उभं करू नये.

भाडेकरू अनुसूचित जातीचा असेल तर स्थिती बदलते. अस्पृश्यतेची बंदी घालणारा अनुच्छेद १७ खासगी माणसांनाही लागू आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ मध्ये कुठल्याही वस्तीत राहतं घर घेण्यास किंवा त्यात राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून अडथळा आणणं हा स्पष्टपणे गुन्हा ठरवला आहे. त्याच कायद्याच्या कलम १२ चा आधार फार मोलाचा आहे. असं कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडलं असेल तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडलं, असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं हे दुसऱ्या बाजूला सिद्ध करावं लागतं. बौद्ध किंवा मातंग कुटुंबाला ‘सोसायटीचं कल्चर वेगळं आहे’ असं सांगून परत पाठवणाऱ्या सेक्रेटरींना हे कलम बहुधा माहीत नसतं. अशा पत्रात ते क्रमांकासह लिहावं. आडनावावरून विचारलेला प्रश्न, स्वयंपाकघरात काय शिजतं याची चौकशी, हे सगळं तारखेसह नोंदवावं, कारण ‘आम्ही फक्त शाकाहारी पाहतो’ या वाक्याआड अनेकदा जातच पाहिली जाते.

२०१६ चा महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मात्र इथे सहसा लागू पडत नाही. त्याचा रोख जातपंचायतीने आपल्याच समाजातल्या माणसाला वाळीत टाकण्यावर आहे. पत्रात तो घालण्याचा मोह अनेकांना होतो. पण एक चुकीचं कलम लिहिलं की समोरचा माणूस त्या एकाच कलमाला उत्तर देतो आणि बाकीचं पत्र बाजूला राहतं.

पत्र लिहिण्याआधी एक काम करायचं, ते म्हणजे तोंडी नकाराला लेखी रूप द्यायचं. यासाठी फोन चोरून रेकॉर्ड करण्याची गरज नाही. फोन ठेवल्यावर लगेच एजंटला आणि मालकाला साधा संदेश पाठवावा: ‘आज संध्याकाळी फोनवर आपण सांगितलंत, की आम्ही मुस्लिम असल्यामुळे सोसायटीच्या सेक्रेटरींनी नकार दिला. हे बरोबर आहे ना? तसं असेल तर टोकनचे पैसे आणि पुढचं काय ते ठरवू.’ एजंट बहुतेक वेळा ‘हो सर, सॉरी’ असं लिहितो. त्याला कमिटीला वाचवायचं नसतं, स्वतःची बाजू सांभाळायची असते. त्या दोन शब्दांनी तारीख, कारण आणि नकार देणारी व्यक्ती या तिन्ही गोष्टी कागदावर येतात. त्याने काहीच उत्तर दिलं नाही, तरी तुमचा त्या दिवशीचा संदेश राहतो.

आता पत्र. ते एका पानाचं असावं. आपल्या उदाहरणातला भाडेकरू साधारण असं लिहील:

प्रति,
मा. अध्यक्ष / सचिव,
व्यवस्थापक समिती

विषय: ब विंग, पाचव्या मजल्यावरील सदनिका भाड्याने घेण्यास समितीने दिलेल्या नकाराबाबत.

महोदय,

आपल्या संस्थेचे सभासद असलेल्या सदनिकाधारकांशी वरील सदनिका अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर घेण्याचे माझे बोलणे पूर्ण झाले असून मी त्यांना टोकन रक्कम दिली आहे. त्यानंतर एजंटमार्फत मला कळवण्यात आले, की मी मुस्लिम असल्याने समितीची हरकत आहे. हा निरोप मला ज्या शब्दांत मिळाला त्याची प्रत सोबत जोडली आहे.

याबाबत मला तीन गोष्टी लेखी कळवाव्यात. पहिली, समितीने असा निर्णय घेतला आहे काय, आणि घेतला असल्यास तो कोणत्या तारखेच्या सभेत, कोणत्या ठरावाने. दुसरी, सभासदाने आपली सदनिका भाड्याने देण्यास समितीची परवानगी लागते, असे आपल्या नोंदणीकृत उपविधीत कोठे म्हटले आहे. तिसरी, परवानगी लागत असल्यास ती धर्माच्या कारणावरून नाकारण्याचा अधिकार समितीला कोणत्या उपविधीने दिला आहे.

माझ्या माहितीप्रमाणे आदर्श उपविधी क्रमांक ४३ नुसार सभासदाने संस्थेला कराराची व पोलीस ठाण्यास दिलेल्या माहितीची प्रत देऊन पूर्वसूचना द्यायची असते. ती पूर्तता करण्यास सभासद व मी दोघेही तयार आहोत. वाहन, कचरा, लिफ्ट, आवाज याबाबतचे संस्थेचे सर्व नियम मला व माझ्या कुटुंबाला इतर रहिवाशांइतकेच बंधनकारक राहतील.

मी आपल्याकडे सवलत मागत नाही. माझ्या सात वर्षांच्या मुलीला हे घर का मिळाले नाही, हे मला सांगता आलेले नाही. तिच्या धर्मामुळे तिने त्या जिन्यावरून चढू नये, असे आपल्या समितीचे मत असेल, तर ते मत आपण आपल्या सहीने मला द्यावे. तसे मत नसेल, तर हरकत मागे घेतल्याचे सभासदांना कळवावे. भारतीय संविधानाने धर्म, जात वा जन्मस्थान यांवरून भेदभाव न करण्याचे जे मूल्य मानले आहे, ते आपल्या संस्थेच्या दारातही लागू व्हावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

आठ दिवसांत उत्तर द्यावे, ही विनंती.

आपला,
(सही, पत्ता, तारीख)

प्रत माहितीसाठी: संबंधित सभासद, उपनिबंधक, सहकारी संस्था.

या पत्रात काय नाही तेही पाहा. ‘आम्ही शांत आहोत’ हे नाही. बँकेत कोणत्या हुद्द्यावर आहोत, मुलगी किती हुशार आहे, हे नाही. कारण ते लिहिलं की घर चांगल्या वागणुकीचं बक्षीस ठरतं, आणि ज्याचा हुद्दा कमी त्याचा हक्कही कमी असं होऊन बसतं. कोणाही पदाधिकाऱ्याचं नाव घेऊन केलेला आरोप नाही. भाषा ‘समितीने’ अशी आहे, कारण जबाबदारी समितीची आहे आणि व्यक्तिगत शब्दांतून बदनामीचा उलटा दावा उभा राहू शकतो. याच कारणासाठी हे पत्र रहिवाशांच्या ग्रुपवर टाकू नये. सोसायटीच्या ऑफिसमध्ये देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवावं आणि त्याच दिवशी संस्थेच्या ईमेलवरही.

तीन प्रश्नांच्या उत्तरांत कमिटीची खरी अडचण आहे. हो म्हणायचं तर ठराव दाखवावा लागतो, आणि धर्माच्या कारणावरून नकार देणारा ठराव इतिवृत्तात लिहून त्यावर सही करायला फार थोडे लोक तयार होतात. ठराव नाही म्हणायचं तर नकारच उरत नाही. म्हणून अशा पत्रांना बऱ्याचदा लेखी उत्तर येत नाही. मालकाला फोन जातो: ‘तुमचं तुम्ही पाहा, आम्ही काही म्हटलेलं नाही.’ भाडेकरूच्या दृष्टीने हा विजयच आहे. मालकाने त्याच दिवशी करार नोंदवावा, पोलिसांना ऑनलाइन माहिती द्यावी आणि दोन्हींच्या प्रती पूर्वसूचनेसह सोसायटीला पोच घेऊन द्याव्यात.

अर्थात मालक मागे हटला तर सगळं थांबतं, आणि माझ्या मते अशी बहुतेक प्रकरणं इथेच संपतात. मालकाला त्याच इमारतीत उद्या परत यायचं असतं. त्याचं पार्किंग, त्याच्या गळतीची दुरुस्ती, त्याच्या फ्लॅटचं हस्तांतर कमिटीच्या हातात असतं. तो भला असतो, पण एकटा असतो. शिवाय कायद्याच्या दृष्टीने वजन त्याच्याच शब्दाला आहे. भाडेकरू संस्थेचा सभासद नाही. इतिवृत्ताची प्रत मागण्याचा हक्क सभासदाला आहे. उपनिबंधकाकडे तक्रार करून, कलम ७९ खाली संस्थेला उपविधीप्रमाणे वागण्याचे निर्देश द्यावेत अशी मागणी सभासदाने केली तर ती टाळणं कार्यालयाला कठीण जातं. भाडेकरूने एकट्याने केली तर ‘आपण सभासद नाही’ एवढं उत्तर पुरतं. सहकार न्यायालयात कलम ९१ खाली दावा सभासद किंवा त्याच्या मार्फत हक्क सांगणारी व्यक्ती करू शकते. तिथेही नोंदणीकृत करार हातात असेल तरच ‘मार्फत’ म्हणायला आधार मिळतो.

म्हणून मालकासाठी दुसरं छोटं पत्र भाडेकरूनेच तयार करून द्यावं. मालकाला फक्त सही करायची राहील. त्यात एवढंच असावं: मी सभासद असून उपविधीनुसार माझी सदनिका भाड्याने देत आहे, कराराची व पोलीस सूचनेची प्रत जोडली आहे, नियमाप्रमाणे बिनभोगवटा शुल्क मी भरेन, समितीची काही हरकत असल्यास ती संबंधित उपविधी व ठरावासह लेखी कळवावी. बिनभोगवटा शुल्काचा उल्लेख मुद्दाम करायचा. भाडेकरू ठेवल्याबद्दल संस्था सभासदाकडून ते आकारते, पण शासनाच्या ऑगस्ट २००१ च्या आदेशाने त्याची मर्यादा सेवाशुल्काच्या दहा टक्के ठरवली आहे, महापालिकेचे कर वगळून. सेवाशुल्क महिना ३,००० असेल तर हे शुल्क जास्तीत जास्त ३००. ‘अमुक लोकांना ठेवायचं तर पाच हजार भरा’ असा तोडगा काही ठिकाणी सुचवला जातो. त्यालाही आधार नाही.

कमिटी कशाची मागणी रास्तपणे करू शकते, हेही मान्य करायला हवं. करार, पोलिसांना दिलेली माहिती, राहणाऱ्यांची नावं, गाडीचा क्रमांक या गोष्टी सुरक्षेसाठी लागतात आणि त्या द्याव्यात. संस्थेचे नियम सर्वांना सारखे लागू असतील, तर ते पाळावेत. सगळ्यांसाठी असलेला फॉर्म भरायला हरकत नसावी. त्यात ‘धर्म’ किंवा ‘जात’ असा रकाना असेल तर तो रिकामा ठेवावा आणि त्या फॉर्मचा फोटो काढून ठेवावा.

करार झाल्यावरही सामान घेऊन आलेला टेम्पो गेटवर अडवला गेला तर गोष्ट पत्राच्या पलीकडे जाते. ज्या जागी जाण्याचा हक्क आहे तिथे जाण्यापासून माणसाला अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे. वॉचमनशी वाद घालू नये, तो हुकमाचा ताबेदार. नोंदणीकृत करार दाखवून पोलिसांना बोलवावं आणि मालकाला फोनवर ठेवावं.

मराठी वाचकाला हा विषय दुसऱ्यांचा वाटू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला कार्यालयासाठी जागा पाहायला गेलेल्या एका मराठी महिलेला ‘मराठी माणसांना देत नाही’ असं सांगण्यात आलं. तिने तो प्रसंग चित्रित केला, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला आणि आठवडाभर सगळा महाराष्ट्र त्याबद्दल बोलत होता. तो संताप रास्त होता. तेव्हा आपण जे म्हणत होतो, की सोसायटीला हा अधिकार कोणी दिला, तेच वाक्य ठाण्यातला मुसलमान बँक अधिकारी म्हणतो आहे, नागपूरचं बौद्ध जोडपं म्हणतं आहे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांसाठी वेगवेगळ्या समाजांच्या नावांनी चौकशी करून पाहिली. त्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय हिंदू नावांना जवळजवळ सगळीकडे होकार मिळाला, दलित नावांना त्याहून बराच कमी आणि मुस्लिम नावांना सर्वांत कमी. उत्पन्न किंवा नोकरी हे कारण तिथे नव्हतं.

आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढे काय, हे भाडेकरूने आधीच ठरवलेलं बरं. मालक सोबत असेल तर उपनिबंधक कार्यालयात त्याची तक्रार, दोन्ही पत्रांच्या पोचप्रती आणि एजंटचा संदेश जोडून. मालक सोबत नसेल तर टोकनची रक्कम लेखी मागणी करून परत घ्यावी, कारण व्यवहार मोडण्यात भाडेकरूचा दोष नाही. भाडेकरू मुस्लिम, ख्रिश्चन, बौद्ध, शीख, जैन किंवा पारशी असेल तर त्याच कागदांची एक प्रत राज्य अल्पसंख्याक आयोगाला पाठवावी. आयोग घर मिळवून देऊ शकत नाही. पण तो संस्थेकडून आणि सहकार खात्याकडून खुलासा मागवू शकतो, आणि त्या खुलाशावर संस्थेच्या पदाधिकाऱ्याला सही करावी लागते.